वर्डमध्ये पान उजवीकडून कापलेलं दिसतंय, पण प्रिंट पूर्ण येते. हा काय प्रकार आहे?

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे आणि थकबाकीचा तक्ता माझ्या गळ्यात पडलाय. आधीच्या सेक्रेटरींनी त्यांच्या ऑफिसात केलेली वर्डची फाइल पाठवली. माझ्या लॅपटॉपवर उघडली तर उजवीकडचं पान खिडकीबाहेर. शेवटचा 'शिल्लक' रकाना दिसतच नाही, खालची पट्टी सरकवावी लागते.

भाचा आला होता, तो म्हणाला कागदच मोठा करू. `Layout` मध्ये जाऊन काहीतरी केलं आणि गेला क्लासला. त्यानंतर स्क्रीनवर पान आणखीनच रुंद झालं, आता निम्मंच दिसतं. पण त्याचीच पीडीएफ करून कर्वे रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढली तर सगळे रकाने व्यवस्थित कागदावर! फक्त अक्षरं इतकी बारीक की आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी कागद परत केला.

म्हणजे स्क्रीनवर कापलेलं आणि कागदावर पूर्ण. मी मार्जिन कमी करू का? की लॅपटॉपची स्क्रीनच लहान पडतेय?

---

खडूस

थकबाकीचा शिल्लक रकाना दिसत नाही ही तक्रार तुमच्या सोसायटीतून आलेली पहिलीच असेल. बाकीचे सभासद खूश असतील, राहू द्या तसंच.

---

ओंकार_वारजे

सोपं आहे. `Layout` मध्ये `Margins`, त्यात `Narrow` निवडा. चारही बाजूंचं मार्जिन 1.27 सेंटिमीटर होतं, मजकुराला जागा वाढते, सगळं मावतं. मी कॉलेजचे सगळे रिपोर्ट असेच बसवतो.

---

जुना_डीटीपी

ओंकार, जरा थांब. आजार कुठला ते कळायच्या आधी औषध नको.

मंजिरीताई, आधी एवढंच करा. `View` मध्ये `One Page` नावाचं बटण आहे ते दाबा. आख्खं पान लहान होऊन खिडकीत येईल. आता पानाच्या उजव्या कडेकडे बघा. पानाचा पांढरा भाग संपून बाहेरची करडी जागा दिसतेय का? आणि तक्ता त्या पांढऱ्याच्या आत संपतोय का?

तक्ता आत संपत असेल तर तुमच्या फाइलमध्ये रुंदीची काही भानगड नाही. पान फक्त मोठं करून दाखवलं जात होतं. पण करडी जागा दिसत असूनही तक्ता पांढऱ्याच्या कडेला जाऊन तुटत असेल, तर मात्र गडबड खरोखर पानावर आहे आणि ती कागदावरही येणार.

हे दोन वेगळे रोग आहेत आणि लक्षण एकच, 'उजवीकडून कापलं'. झूम म्हणजे तुमच्या हातातलं भिंग. ते कितीही पुढेमागे केलं तरी कागद 21 सेंटिमीटरचा 21च राहतो, प्रिंटवर काडीचा फरक पडत नाही. मार्जिन आणि कागदाचा आकार बदलला की मात्र प्रत्यक्ष पान बदलतं. स्क्रीनवर दिसत नाही म्हणून मार्जिनला हात लावायचा नाही, हे अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना रोज सांगावं लागायचं.

खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात टक्क्यांचा आकडा असतो, तो किती आहे तेही सांगा. आणि `Layout` मधल्या `Size` मध्ये काय निवडलेलं आहे?

---

पेठकर_काकू

माझ्या मोबाइलवर पण असंच होतं हो. नातवाने शाळेची सूचना पाठवली की अक्षरं कधी पानासारखी दिसतात आणि बारीक असतात, कधी एकदम मोठी पण तक्त्याचे सगळे तुकडे. मी चष्म्याचा नंबर बदलून आले तरी तेच.

---

ओंकार_वारजे

काकू, फोनवरच्या वर्डमध्ये दोन प्रकारे बघता येतं. एकात पान जसंच्या तसं दिसतं, दुसऱ्यात मजकूर फोनच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडून येतो. फोनच्या आकाराचं एक चिन्ह असतं, त्याने अदलाबदल होते. तक्ता बघायचा असेल तर पानवालाच बरा. चष्म्याचा संबंध नाही.

---

पेठकर_काकू

चष्म्याचे पैसे गेले ते गेलेच म्हणजे.

---

मंजिरी_कोथरूड

जुना_डीटीपी काका, आकडा 180% होता. `One Page` दाबल्यावर पान पूर्ण दिसलं. करडी जागा दिसते आणि तक्ता पांढऱ्याच्या आत संपतोय, उलट उजवीकडे भरपूर जागा मोकळी आहे. `Size` मध्ये A3 लिहिलंय. हा भाच्याचा प्रताप असणार.

---

जुना_डीटीपी

झालं, बारीक अक्षरांचं कोडं सुटलं.

A3 म्हणजे 29.7 सेंटिमीटर रुंद. झेरॉक्सवाल्याकडे कागद A4, म्हणजे 21 रुंद. पीडीएफ छापताना तिथे बहुतेक वेळा `Fit` निवडलेलं असतं, म्हणजे पान कागदात मावेल इतकं आवळायचं. 21 भागिले 29.7, म्हणजे साधारण 71 टक्के. तुमचा फॉन्ट 12चा असेल तर कागदावर तो साडेआठचा झाला. आजोबांची काही चूक नाही.

भाच्याने तसा उपाय केला, पण ज्याची गरज नव्हती तो. कागद मोठा केल्यावर 180 टक्क्यांवर तो आणखी रुंद दिसणारच, म्हणून तुम्हाला निम्मंच दिसायला लागलं.

आता `Size` मध्ये परत A4 करा, मार्जिन `Normal` करा, म्हणजे चारही बाजूंनी 2.54. मग `View` मध्ये `Page Width` दाबा. हे बटण पानाची रुंदी खिडकीइतकी करून देतं, आकडा तुम्हाला शोधत बसावा लागत नाही. आणि काय दिसतं ते इथे लिहा. मला शंका आहे की खाली अजून एक भानगड लपलेली असेल. एक्सेलमधून आणलेला तक्ता आहे का?

---

ओंकार_वारजे

पण फाइल मुळात 180 वर का उघडली? मंजिरीताईंनी तर झूमला हात लावला नव्हता.

---

बिटकिडा

कारण वर्ड झूमचा आकडा फाइलमध्येच लिहून ठेवतं. जुन्या सेक्रेटरींचा ऑफिसातला मॉनिटर 1920 पिक्सेल रुंद असेल. A4 पान 100 टक्क्यांवर साधारण 794 पिक्सेल घेतं, 180 वर 1429 च्या आसपास. 1920 मध्ये आरामात बसतं. ताईंचा लॅपटॉप 1366 चा असेल तर 60-65 पिक्सेल बाहेर, शिवाय स्क्रोलबार आणि रुलरची जागा वेगळी. शेवटचा रकाना तिथेच गेला. विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केल 125 टक्के असेल तर आणखी वाट लागते.

स्वतः बघायचं असेल तर फाइलची एक प्रत काढा, `.docx` च्या जागी `.zip` करा आणि उघडा. `word` फोल्डरमध्ये दोन वेगळ्या फाइलींत दोन वेगळ्या गोष्टी सापडतील:

```
settings.xml:  <w:zoom w:percent="180"/>
document.xml:  <w:pgSz w:w="11906" w:h="16838"/>
```

खालची ओळ म्हणजे A4 कागद, पॉइंटच्या विसाव्या भागात मोजलेला. भाच्याने हात लावला तो या ओळीला. वरच्या ओळीतला आकडा 500 केला तरी खालची ओळ हलत नाही.

एक गंमत आहे. नुसता झूम बदलून फाइल बंद केली तर वर्ड 'सेव्ह करू का' असं विचारतही नाही, आणि पुढच्या वेळी जुनाच आकडा येतो. झूम टिकवायचा तर एखादं अक्षर टाइप करून खोडा आणि मग सेव्ह करा.

---

लिबरवाला

माझ्याकडे मात्र दुसऱ्याची फाइल उघडली की दर वेळी त्याचाच झूम येतो असं काही होत नाही. मी लिबरऑफिस रायटर वापरतो. तिथे `View`, मग `Zoom`, त्यात `Entire Page`, `Page Width` आणि `Optimal View` असे तीन आहेत. `Optimal View` जपून वापरा. तो मजकुराची रुंदी खिडकीत बसवतो, मार्जिनची नाही. त्यामुळे पानाच्या कडा दिसत नाहीत आणि माणसाला वाटतं मार्जिनच उडालं. माझ्या वडिलांनी एकदा यावरून मला रात्री साडेदहाला फोन केला होता.

फुकटात मिळतं, वापरून बघा.

---

बिटकिडा

मी फक्त वर्डबद्दल बोललो. तिथेही आवृत्तीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, आणि मेलमधून आलेली फाइल वाचनाच्या रूपात उघडली तर ती वेगळीच दिसते. मंजिरीताईंच्या बाबतीत 180 होता, एवढं खरं.

---

खडूस

थकबाकी राहिली बाजूला, फुकट विरुद्ध विकतचा सामना सुरू. मी चहा ठेवतो.

---

वेलांटी

कापलेल्या पानाचा विषय निघालाय म्हणून विचारते. माझ्याकडे पान पूर्ण दिसतं पण प्रत्येक ओळीतल्या वेलांट्या आणि रफार वरून कापलेले दिसतात. 'कर्ज' चं 'कज' वाचलं जातं. झूम वाढवला तरी तसंच. हे पण झूमचंच का?

---

जुना_डीटीपी

नाही, हे ओळींमधल्या अंतराचं. सगळा मजकूर निवडून परिच्छेदाच्या खिडकीत `Line spacing` बघा. तिथे बहुधा `Exactly` असेल आणि पुढे 12 किंवा 14 पॉइंट. इंग्रजी अक्षराला तेवढी उंची पुरते, देवनागरीला वरच्या मात्रा आणि खालचे उकार मिळून जास्त लागते. मंगलसारख्या फॉन्टला तर फारच. `At least` किंवा `Multiple` करा, मोकळं होईल.

---

वेलांटी

`Exactly` 13 होतं. `At least` केल्यावर रफार आले! पण आता चार पानांचं पत्र पाच पानांचं झालं. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे आधीच्या प्रिंटवर रफार नीट होते, स्क्रीनवरच कापलेले होते.

---

बिटकिडा

मला उलट अनुभव आहे, माझ्या प्रिंटवरही कापलेले आले होते. प्रिंटर आणि फॉन्टवर अवलंबून असावं.

---

मंजिरी_कोथरूड

परत आले. A4 केलं, मार्जिन `Normal`, `Page Width` दाबलं. आता पानाच्या दोन्ही कडा दिसतायत. पण काका म्हणाले तसंच झालं. 'शिल्लक' रकान्याचा उजवा भाग पानाच्या कडेलाच तुटलाय, पुढचे आकडे गायब. करडी जागा त्याच्या पलीकडे दिसतेय. म्हणजे आता हा दुसरा रोग का? हो, तक्ता एक्सेलमधूनच आणलेला आहे असं जुने सेक्रेटरी म्हणाले.

---

जुना_डीटीपी

हाच तो. आता मोजमाप करू म्हणजे सगळं डोळ्यांसमोर येईल.

तक्त्यात कुठेही क्लिक करा, वर डाव्या कोपऱ्यात चार बाणांचं चिन्ह येईल, ते दाबलं की सगळा तक्ता निवडला जातो. उजवं क्लिक करून `Table Properties` उघडा. `Column` मध्ये एकेका रकान्याची रुंदी दिसते. सगळ्यांची बेरीज सांगा.

---

मंजिरी_कोथरूड

नऊ रकाने. फ्लॅट नंबरचा 1.3, नावाचा 4.5, शेवटचे दोन 1.9 चे. सगळी बेरीज 19.2 सेंटिमीटर.

---

जुना_डीटीपी

A4 21 रुंद. डावीकडे 2.54 सोडून तक्ता सुरू होतो. 2.54 आणि 19.2 मिळून 21.74. म्हणजे तक्ता कागदाच्याही पलीकडे पाऊण सेंटिमीटर गेलाय. मजकुराला खरी जागा फक्त 15.92 आहे. एक्सेलमधून तक्ता आणला की रकाने तिथल्या रुंदीसकट येतात, वर्ड त्यांना मार्जिनमध्ये रेटत नाही.

पुढच्या वेळी बेरीज न करता ओळखायचं असेल तर `View` मध्ये `Ruler` ला टिक करा. रुलरवर मजकुराची जागा पांढरी आणि मार्जिन करडं असतं. तक्त्याची उजवी रेघ त्या करड्यात शिरली की समजायचं, तो मार्जिनबाहेर गेला.

---

ओंकार_वारजे

म्हणजे माझंच बरोबर! `Narrow` केलं की 1.27 आणि 19.2 मिळून 20.47. कागदात बसलं की.

---

जुना_डीटीपी

गणित बरोबर आहे, पण उजवीकडे उरलं 0.53 सेंटिमीटर. बहुतेक घरगुती प्रिंटर कागदाच्या कडेचे चार-सहा मिलिमीटर छापूच शकत नाहीत. शेवटची उभी रेघ आली तर आली. शिवाय डावीकडे 1.27 ठेवून पंच मारलास तर भोक फ्लॅट नंबरवरच पडणार, आणि सोसायटीचे कागद बॉक्स फाइलमध्येच जातात. आणि मार्जिन प्रिंटरला छापता येतं त्याहूनही लहान केलं की वर्ड छापताना जी सूचना देतं, ती `OK` दाबून पुढे जाण्यासाठी नसते.

---

ओंकार_वारजे

मग `AutoFit` करायचं का? तक्ता निवडल्यावर वर दुसरा `Layout` येतो, त्यात `AutoFit` आणि मग `AutoFit Window`.

---

जुना_डीटीपी

हे बरोबर सांगितलंस. त्याने तक्ता मार्जिनच्या आत, 15.92 मध्ये येईल. पण सगळे रकाने साधारण त्याच प्रमाणात आवळले जातील, म्हणजे 'शिल्लक' 1.9 चा 1.6 च्या आत. त्यातले दोन्ही बाजूंचे 0.19 कोऱ्या जागेचे गेले की आकड्याला उरतात सव्वा सेंटिमीटरही नाहीत. 1,24,500 असा आकडा 11च्या फॉन्टला साधारण 1.35 सेंटिमीटर घेतो. तो दोन ओळींत तुटेल आणि सभेत कुणीतरी 1,24 आणि 500 असे दोन आकडे वाचेल.

थकबाकीच्या तक्त्यात मी हे करणार नाही. फक्त तक्त्याची पानं आडवी करा. तक्ता निवडा, `Layout`, `Margins`, सर्वांत खाली `Custom Margins`. तिथे `Landscape` निवडा आणि खाली `Apply to` मध्ये `Selected text` करा. वर्ड तक्त्याच्या आधी आणि नंतर स्वतःच विभाग पाडतं, बाकीचा अहवाल उभाच राहतो. आडव्या पानावर मजकुराला 24.62 मिळतात, 19.2 चा तक्ता आरामात. मग हवं तर `AutoFit Window`, म्हणजे नावांनाही ऐसपैस जागा.

एकच सूचना, `Apply to` मध्ये `Whole document` राहू देऊ नका. अख्खा अहवाल आडवा होतो आणि मग सगळे म्हणतात पान पुन्हा रुंद झालं.

---

शनिवारपेठ_सीए

आमच्या ऑफिसातून तपासून गेलेल्या फाइलीत अजून एक प्रकार बघितलाय. उजवीकडे आमचे शेरे फुग्यांत असतात. त्यामुळे पानाच्या बाजूला एक करडी पट्टी उघडते, पान डावीकडे सरकलेलं आणि भलतंच रुंद दिसतं. आणि शेऱ्यांसकट छापलं तर ती पट्टी कागदावर मावावी म्हणून वर्ड पानच लहान करतं. मंजिरीताई, तुमच्या ऑडिटरने शेरे टाकले असतील तर छापताना `Print Markup` वरची टिक काढा, नाहीतर आजोबा पुन्हा कागद परत करतील.

---

खडूस

ऑडिटरचे शेरे सभासदांना दाखवायचेच नाहीत, असा सल्ला सीएनेच दिलाय याची सभेच्या इतिवृत्तात नोंद व्हावी.

---

मंजिरी_कोथरूड

😀 शेरे नाहीत, बघितलं.

पानं आडवी केली. आधी पुन्हा उजवीकडून कापलेलं दिसलं, पण आता आकडा बघितला तर झूम 150 होता. `Page Width` दाबल्यावर दोन्ही कडा आल्या. तक्ता पांढऱ्यात, 'शिल्लक' पूर्ण, आकडे तुटलेले नाहीत. `Ctrl+P` मध्येही तसंच दिसतंय. उद्या झेरॉक्सवाल्याला `Fit` ऐवजी `Actual size` सांगेन.

आता एकच राहिलंय. तक्ता तीन पानांवर गेलाय आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर रकान्यांची नावंच नाहीत. प्रत्येक पानावर वेगळी ओळ टाइप करू का?

---

बिटकिडा

नको, पुढे एक सभासद वाढला की सगळं सरकेल. पहिली ओळ निवडा, तक्त्याच्या `Layout` मध्ये उजवीकडे `Repeat Header Rows` आहे, ते दाबा.

---

पेठकर_काकू

मंजिरी, तो तक्ता मोबाइलवर पाठवू नकोस गं, तुकडे होतात. कागदच दे.